हाउसमन चाचणीत p = ०.८८ आला, म्हणजे रँडम इफेक्ट्स सिद्ध झाले का?

कालिना_लोकल

नमस्कार. मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करते आहे आणि प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातील एका वाक्यावर अडले आहे. घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील १२० किराणा दुकानांची सलग सहा तिमाहींची माहिती मी स्वतः फिरून गोळा केली, म्हणजे एकूण ७२० नोंदी झाल्या, आणि एकही नोंद गाळलेली नाही. प्रत्येक नोंदीत दुकानाची रोजची सरासरी विक्री हजार रुपयांत आहे आणि दुकान रोज किती तास उघडे असते ते आहे. त्याशिवाय प्रत्येक दुकानाचे जवळच्या रेल्वे स्थानकापासूनचे अंतर मी मोजले आहे, जे अर्थातच सहाही तिमाहींत तेच राहते.

प्रश्न असा की दुकान एक तास जास्त उघडे ठेवल्याने विक्री किती वाढते. फिक्स्ड इफेक्ट्सने उत्तर ०.९० आले, म्हणजे रोज ९०० रुपये, आणि त्याची स्टँडर्ड एरर ०.५०. रँडम इफेक्ट्सने उत्तर १.६० आले, स्टँडर्ड एरर ०.२०. दोन्हींत तिमाहींची डमी चले आहेत. हाउसमन चाचणीचा आकडा २.४०, डिग्रीज ऑफ फ्रीडम ६, p ०.८८. मार्गदर्शक म्हणाले की p एवढा मोठा आहे तर रँडमच घ्या, शिवाय त्यात स्थानकापासूनच्या अंतराचा सहगुणकही मिळतो, जो फिक्स्डमध्ये गळून जातो. म्हणून मी लिहिले, "हाउसमन चाचणीने असे सिद्ध झाले की दुकानांचे परिणाम यादृच्छिक आहेत." मसुदा वाचणाऱ्या दुसऱ्या प्राध्यापकांनी या वाक्याभोवती लाल गोल काढून समासात एवढेच लिहिले आहे, "हे सिद्ध झालेले नाही. आणि ६ कसे?" त्यांना विचारायला जाण्यापूर्वी मला स्वतःला ते समजून घ्यायचे आहे.

सरासरी_माणूस

वाक्यातील "सिद्ध झाले" हा शब्द कडक आहे, एवढीच चूक मला दिसते. सांख्यिकीत शून्य परिकल्पना फेटाळता येते, सिद्ध करता येत नाही, म्हणून "फेटाळता आली नाही" असे लिहा आणि पुढे चला. निवड मात्र बरोबर आहे. मुळात हा प्रश्न चाचणीपेक्षा नमुन्याचा आहे. आपण मोठ्या यादीतून १२० दुकाने यादृच्छिक पद्धतीने निवडली असतील, तर त्यांचे परिणाम यादृच्छिकच ठरतात. मुलुंडमधील सगळीच्या सगळी दुकाने घेतली असती, तर ते फिक्स्ड ठरले असते. शिवाय फिक्स्डमध्ये १२० दुकानांसाठी १२० स्थिरांक जातात, म्हणून त्याची स्टँडर्ड एरर फुगते, आणि आपल्या आकड्यांत तेच दिसते आहे.

भांडुपचा_वाणी

माझे स्वतःचे किराणा दुकान आहे, म्हणून शीर्षक न कळूनही धागा उघडला. ताई, तुम्ही विचारता आहात की दुकान जास्त वेळ उघडे ठेवावे का, तर माझा अनुभव असा की रात्री दहानंतर फक्त दूध, अंडी आणि सिगारेट एवढेच जाते आणि दिव्याचा खर्चही निघत नाही. सकाळी सहाला उघडण्यात मात्र फायदा आहे, कारण पहिल्या लोकलला जाणारे लोक वाटेत थांबतात. आपल्या अभ्यासात सकाळचे तास आणि रात्रीचे तास वेगळे धरले आहेत का?

कालिना_लोकल

नाही काका, मी दिवसाचे एकूण तासच धरले आहेत, पण आपला मुद्दा मी टिपून ठेवते. माझा इथला प्रश्न हिशेबाच्या पद्धतीबद्दलचा आहे.

सरासरी_माणूस, दुकाने मी वॉर्डाच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडली होती. मग आपल्या म्हणण्याप्रमाणे वाक्य तसे चूक नाही ना?

जुना_सांख्यिक

वाक्य चूकच आहे, आणि चिठ्ठ्यांनी ते बरोबर होत नाही. चिठ्ठ्या टाकल्यामुळे कोणते दुकान नमुन्यात आले ते यादृच्छिक ठरले. परंतु आलेल्या दुकानाचा मालक उत्साही असेल आणि तो उत्साही असल्यामुळेच पहाटे दुकान उघडत असेल, तर मालकाचा न मोजलेला गुण आणि तास यांच्यातील नाते चिठ्ठीने तुटत नाही. हाउसमन चाचणी नेमके या नात्याविषयी बोलते. दुकानाचा न दिसणारा स्थिर भाग आणि त्याचे तास यांच्यात सहसंबंध नाही, ही तिची शून्य परिकल्पना आहे. परिणाम स्वभावतः यादृच्छिक आहेत की स्थिर, हा प्रश्न ती विचारतच नाही. हाउसमन यांचा लेख १९७८ साली 'इकॉनॉमेट्रिका'त आला, आणि त्याच वर्षी त्याच नियतकालिकात मुंडलाक यांनी लिहिले की परिणाम नेहमीच यादृच्छिक मानता येतात, खरा प्रश्न ते समीकरणातल्या चलांशी निगडित आहेत की नाहीत हा आहे. फिक्स्ड आणि रँडम या दोन नावांनी फार घोटाळा करून ठेवला आहे. त्यांच्याऐवजी "सहसंबंधाला मुभा देणारे" आणि "सहसंबंध नाही असे मानणारे" अशी नावे रूढ झाली असती, तर हा धागा उघडावा लागला नसता.

स्टँडर्ड एरर फुगण्याचे कारणही १२० स्थिरांक हे नाही. ७२० नोंदींतून १२० वजा केल्याने एवढा फरक पडत नाही. कारण समजण्यासाठी रँडम इफेक्ट्सचा आकडा कसा बनतो ते पाहावे लागते, आणि आपल्याच आकड्यांतून ते काढता येते. माहितीत दोन प्रकारची तुलना दडलेली आहे. एक तुलना म्हणजे त्याच दुकानाने या तिमाहीत तास वाढवले तेव्हा विक्री किती वाढली. दुसरी म्हणजे जास्त तास उघडे असणारे दुकान आणि कमी तास उघडे असणारे दुकान यांच्या सरासरी विक्रीत किती फरक आहे. फिक्स्ड फक्त पहिली तुलना वापरते. रँडम दोन्ही तुलना मिसळते, आणि ज्या तुलनेत अचूकता जास्त तिला जास्त वजन देते.

अचूकता म्हणजे स्टँडर्ड एररच्या वर्गाचा व्यस्त. फिक्स्डची स्टँडर्ड एरर ०.५०, वर्ग ०.२५, अचूकता ४. रँडमची ०.२०, वर्ग ०.०४, अचूकता २५. म्हणजे उरलेली २१ एवढी अचूकता दुकाना-दुकानांतील तुलनेतून आली. आपल्या १.६० या आकड्यात दुकानाच्या आतील तुलनेचे वजन २५ पैकी ४, म्हणजे १६ टक्के आहे, आणि ८४ टक्के वजन दुकाना-दुकानांतील तुलनेचे आहे. यावरून त्या दुसऱ्या तुलनेचे उत्तर साधारण १.७३ निघते. आपण रँडमचा आकडा म्हणून जो छापणार आहात, तो मुख्यतः "उत्साही दुकानदार आणि आळशी दुकानदार यांच्या विक्रीत किती फरक असतो" या प्रश्नाचे उत्तर आहे. दोन्ही तुलनांचे खरे उत्तर एकच असेल, तर हे मिश्रण उत्तमच. ते एक आहे की नाही, हे तपासणे म्हणजे हाउसमन चाचणी, आणि ती तेवढेच तपासते.

आता ६ चे पाहू. तिमाहीची डमी सर्व दुकानांसाठी एकच असते. सहाही तिमाहींत सर्व दुकाने हजर असल्यामुळे दुकाना-दुकानांतील तुलनेत त्या पाच डमींना काहीच सांगायचे नसते, आणि म्हणून फिक्स्ड व रँडम यांच्यात त्यांच्यावरून स्वतंत्र असा फरक निर्माण होऊ शकत नाही. दोन्हींत खरोखर वेगळे ठरू शकणारे चल एकच आहे, ते म्हणजे तास. संगणकाने मात्र डमीही मोजल्या आणि १ ऐवजी ६ धरले. हाताने करून पाहा. फरक ०.७०, त्याचा वर्ग ०.४९. फरकाचा व्हेरियन्स ०.२५ वजा ०.०४, म्हणजे ०.२१. भागाकार २.३३. डिग्री एक असताना त्याचा p ०.८८ नव्हे तर ०.१३ येतो. लाल गोल काढणाऱ्या प्राध्यापकांना हेच म्हणायचे असणार.

सरासरी_माणूस

नमुन्याबद्दलचे माझे म्हणणे मागे घेतो, आम्हाला वर्गात तसेच शिकवले होते. तरीही ०.१३ हा ०.०५ पेक्षा मोठाच आहे. निष्कर्ष बदलला नाही. परिकल्पना फेटाळली गेली नाही, म्हणून रँडम.

जुना_सांख्यिक

माझे मुख्य म्हणणे इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फरक ०.७० आहे आणि त्याची स्टँडर्ड एरर ०.२१ चे वर्गमूळ, म्हणजे ०.४६. तर ९५ टक्क्यांची कक्षा उणे ०.२० पासून अधिक १.६० पर्यंत जाते. या कक्षेत शून्य आहे, म्हणून परिकल्पना फेटाळली गेली नाही. पण याच कक्षेत १.६० सुद्धा आहे, म्हणजे रँडमचा अख्खा आकडा निव्वळ मालकाच्या उत्साहाचा असू शकतो, हेही या माहितीने फेटाळलेले नाही. न्यायालयात साक्षीदार "मी आरोपीला तिथे पाहिले नाही" असे म्हणतो, तेव्हा तो तिथे हजर होता आणि डोळे उघडे ठेवून होता का, हे आधी विचारावे लागते. इथे साक्षीदाराचे डोळे अर्धे मिटलेले आहेत.

ते कशावरून, हे आपल्याला एका ओळीत पाहता येईल. कालिना_लोकल, स्टाटामध्ये `xtsum tas` ही आज्ञा द्या आणि दुकानांमधील व दुकानाच्या आतील प्रमाणित विचलन इथे लिहा. माझा अंदाज असा की बहुतेक दुकाने सहाही तिमाहींत जवळपास तेवढेच तास उघडी राहिली आहेत.

दुसरी गोष्ट, ०.२५ मधून ०.०४ वजा करण्याचा सोपा मार्ग फुकट मिळत नाही. फरकाचा व्हेरियन्स असा निव्वळ वजाबाकीने काढता येतो, तो रँडम हे सर्वांत काटेकोर अनुमान असेल तरच, आणि ते तसे असण्यासाठी उरलेल्या चुका तिमाही-तिमाहीला स्वतंत्र आणि सारख्या फैलावाच्या असाव्या लागतात. किराणा दुकानाच्या विक्रीत असे होत नाही. एक तिमाही वाईट गेली, तर पुढचीही बहुधा थोडी वाईटच जाते. म्हणून चाचणी मुंडलाक यांच्या पद्धतीने करा. प्रत्येक दुकानाच्या तासांची सरासरी काढून ती रँडमच्या समीकरणात एक जादा चल म्हणून घाला आणि स्टँडर्ड एरर दुकानानुसार क्लस्टर करा.

```
xtset dukan timahi
bysort dukan: egen tas_m = mean(tas)
xtreg vikri tas tas_m antar i.timahi, re vce(cluster dukan)
test tas_m
```

यात `tas` चा सहगुणक फिक्स्डइतकाच, म्हणजे ०.९०, आला पाहिजे. नाही आला तर सरासरी काढताना काहीतरी चुकले आहे. विक्रीची नोंद नसलेल्या ओळीही सरासरीत धरल्या जाणे ही नेहमीची चूक. `tas_m` चा सहगुणक म्हणजे दोन तुलनांतील फरक, आणि तो शून्य आहे का, हीच चाचणी.

जिल्हा_छत्तीस

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून याच धाग्यात विचारतो. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा माझा पॅनेल आहे, आणि हाउसमनचा आकडा उणे ४.१ आला. काय-वर्ग उणे कसा येतो? आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने सांगितले की उणे म्हणजे शून्यापेक्षा कमी, म्हणजे फरक अजिबात नाही, तेव्हा रँडम घ्यावे.

जुना_सांख्यिक

सहकाऱ्यांचे म्हणणे मानू नका. वर लिहिलेली वजाबाकीच तिथे उलटी पडली आहे. फिक्स्डचा व्हेरियन्स नेहमी रँडमपेक्षा मोठा असतो, हे सिद्धान्तात खरे आहे. प्रत्यक्ष नमुन्यात दोन्ही समीकरणे चुकांच्या फैलावाचा अंदाज वेगवेगळा घेतात, आणि चले एकापेक्षा जास्त असली की फरकाच्या मॅट्रिक्समध्ये उणे दिशा येऊ शकतात. मग आकडा उणे येतो आणि त्याला काहीही अर्थ राहत नाही. `hausman fe re, sigmamore` असे लिहिल्यास फैलावाचा एकच अंदाज दोन्हीकडे वापरला जातो आणि उणे येणे थांबते. पण जिल्ह्यांच्या आकड्यांत चुका एकमेकींशी निगडित असणारच, म्हणून आपणही मुंडलाकचाच मार्ग धरलेला बरा. मात्र ३६ क्लस्टर ही संख्या फार आरामाची नाही, एवढे लक्षात ठेवा.

कालिना_लोकल

दोन्ही करून पाहिले. तासांचे प्रमाणित विचलन दुकाना-दुकानांत १.९ तास आहे आणि दुकानाच्या आत फक्त ०.३५ तास, म्हणजे जेमतेम वीस मिनिटे. सर, आपला अंदाज खरा ठरला. १२० पैकी ८९ दुकानांच्या तासांत सहा तिमाहींत अर्ध्या तासाचाही फरक पडलेला नाही.

मुंडलाकच्या समीकरणात `tas` ०.९० च आला, क्लस्टर केलेली स्टँडर्ड एरर ०.५६. `tas_m` चा सहगुणक ०.८३, स्टँडर्ड एरर ०.६१, p ०.१७. म्हणजे नव्या चाचणीतही परिकल्पना फेटाळली जात नाही, उलट p थोडा वाढलाच. आता मी काय लिहू?

सरासरी_माणूस

सांगायला थोडा संकोच वाटतो, पण आता तीन वेळा चाचणी झाली आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आले. प्रबंधाला कुठेतरी एक आकडा द्यावाच लागतो. परीक्षक तक्त्याखाली हाउसमनचा p शोधतात, हे मी अनुभवाने सांगतो. रँडमचा १.६० द्या, p ०.१७ लिहा, कोणी बोट ठेवणार नाही.

जुना_सांख्यिक

कोणी बोट ठेवणार नाही हे कदाचित खरे असेल, पण मी ठेवीन. ०.८३ ची कक्षा उणे ०.३७ ते अधिक २.०३ आहे. वीस मिनिटांच्या हालचालीवरून दुकानाच्या आतील परिणाम नीट मोजताच येत नाही, त्यामुळे त्याची दुसऱ्या कशाशी तुलना करून "फरक नाही" असे म्हणण्याची ताकद या माहितीत नाही. गंमत अशी की दुकानाच्या आत तास जितके कमी बदलतील, तितकी फिक्स्डची स्टँडर्ड एरर वाढते, तितकी हाउसमन चाचणी दुबळी होते, आणि तितक्या सहजपणे ती रँडमला परवाना देते. म्हणजे रँडमने मुख्यतः धोकादायक तुलनेवर विसंबावे, अशी वेळ जेव्हा येते, नेमके तेव्हाच राखणदार झोपलेला असतो.

"आधी चाचणी, मग निवड, मग निवडलेल्या समीकरणाची नेहमीची स्टँडर्ड एरर" या रीतीचेही मोजमाप झाले आहे. २०१० मध्ये गुगेनबर्गर यांनी दाखवले की अशा दोन पायऱ्यांच्या रीतीत शेवटच्या चाचणीची चुकून फेटाळण्याची शक्यता नावापुरत्या ५ टक्क्यांच्या कितीतरी वर जाऊ शकते. कारण हेच. सहसंबंध मध्यम असतो तेव्हा पहिली चाचणी तो पकडत नाही, पण १.६० सारखा आकडा बाजूला ढकलण्याइतका तो पुरेसा असतो, आणि ०.२० ही स्टँडर्ड एरर त्याची जाणीवच देत नाही.

मी असतो तर मुंडलाकचे समीकरण तसेच छापले असते, ०.९० आणि ०.८३ दोन्ही सहगुणकांसह, आणि लिहिले असते की दुकानाच्या आतील परिणाम ०.९० आहे पण सैल मोजला गेला आहे, दुकानांमधील तुलना त्याहून बरीच मोठी दिसते, आणि हे दोन्ही एकच आहेत की नाहीत हे या माहितीवरून सांगता येत नाही.

पवई_गणित

दोन्ही बाजूंनी "फेटाळली गेली नाही" यावर चर्चा चालली आहे, म्हणून उलटी बाजू मांडतो. समजा, उद्या p ०.०१ आला असता, तर आपण सर्वांनी मान डोलावून म्हटले असते की मालकाचा उत्साह तासांशी निगडित आहे, फिक्स्ड घ्या. तेही ठाम सांगता आले नसते. तास दुकानदाराला विचारून नोंदवले आहेत. "साधारण दहाला बंद करतो" या उत्तरात अर्ध्या तासाची चूक सहज असते. दुकाना-दुकानांतील १.९ तासांच्या फरकापुढे ती किरकोळ आहे, पण दुकानाच्या आतील ०.३५ तासांपुढे ती अख्खी हालचालच गिळू शकते. मग फिक्स्डचा सहगुणक शून्याकडे ओढला जातो आणि दोन्हींत फरक पडतो, तो मालकाच्या उत्साहामुळे नव्हे तर घड्याळाकडे न पाहता दिलेल्या उत्तरामुळे. अशा वेळी ०.९० हाच वाईट आकडा आणि १.६० खऱ्याच्या जास्त जवळचा, असेही होऊ शकते. चाचणी फक्त दोन आकडे वेगळे आहेत एवढे सांगते. कोणता बिघडला आणि कशाने, हे ती सांगत नाही.

जुना_सांख्यिक

मान्य. आणि या माहितीपुरते माझ्याकडे त्याचे उत्तर नाही. दुकानाच्या तासांची दुसरी एखादी नोंद असती, उदाहरणार्थ पहिल्या आणि शेवटच्या डिजिटल व्यवहाराची वेळ, तर चूक किती ते काढता आले असते.

भांडुपचा_वाणी

मला यातील अर्धे समजले, पण एका ठिकाणी आपण सर्व मंडळी चुकता आहात असे वाटते, म्हणून पुन्हा लिहितो. आपण गृहीत धरता की दुकानदार आधी तास ठरवतो आणि मग विक्री होते. माझ्याकडे नेमके उलट होते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुनर्विकासाची इमारत उभी राहिली, लोक राहायला आले, रात्री गिऱ्हाईक येऊ लागले, म्हणून मी अकरापर्यंत बसू लागलो. त्याआधी रस्ता खोदून ठेवला होता, तेव्हा नऊला शटर ओढत होतो, कारण उघडे ठेवून करणार काय? विक्री बदलली म्हणून तास बदलले. तास न बदलणाऱ्या ८९ दुकानांचे मला आश्चर्य वाटत नाही. जी ३१ बदलली, ती का बदलली ते विचारा.

जुना_सांख्यिक

वाणी साहेब, आपण चूक दाखवली आहे आणि ती मोठी आहे. फिक्स्ड इफेक्ट्स दुकानाचा स्थिर भाग काढून टाकते. दिवाळीसारखे सर्वांना सारखेच लागणारे चढउतार तिमाहीच्या डमींनी जातात. पण एका गल्लीतील रस्ता एका तिमाहीत खोदला जाणे हे स्थिरही नाही आणि सर्वांचेही नाही. ते विक्रीही खाली आणते आणि तासही. त्यामुळे ०.९० सुद्धा फुगलेला असणार. आणि हाउसमन चाचणी याबाबत पूर्ण मुकी आहे, कारण फिक्स्ड बरोबर आहे हे तिचे गृहीतक आहे, निष्कर्ष नव्हे. रँडमला तोलण्याचे माप म्हणून ती फिक्स्ड वापरते. मापच खोटे असेल, तर तराजू जुळला काय आणि न जुळला काय. दोन्ही आकडे एकाच बाजूला फुगले असतील, तर ते एकमेकांशी छान जुळतीलही.

कालिना_लोकल

काका, आपले मनापासून आभार. प्रश्नावलीत "का" हा रकानाच नव्हता.

माझ्या मनात अजून एक शंका आहे. स्थानकापासूनच्या अंतराचा सहगुणक मला हवा होता, कारण प्रबंधाचे नावच त्यावर आहे. मुंडलाकच्या समीकरणात तो मिळतो. तो तरी वापरू शकते का?

पवई_गणित

मिळतो, पण मुंडलाकची दुरुस्ती फक्त तासांसाठी आहे. अंतराला दुकानाच्या आत हालचालच नाही, त्यामुळे त्याच्यासाठी अशी दुसरी तुलना उपलब्ध नाही, आणि म्हणून त्याच्याबाबत कोणतीही हाउसमन चाचणी काहीच बोलू शकत नाही. स्थानकाजवळचा गाळा घ्यायला पागडीची मोठी रक्कम लागते. ती ज्याच्याकडे होती, त्याच्याकडे माल भरायलाही पैसा होता. हाउसमन आणि टेलर यांनी १९८१ साली अशा चलांसाठी एक मार्ग दिला आहे, पण त्यात काही बदलणारी चले मालकाच्या गुणांशी निगडित नाहीत असे आधी सांगावे लागते. आपल्याकडे बदलणारे चल एकच आहे, तास, आणि त्याच्यावरच तर सगळा संशय आहे.

सरासरी_माणूस

मग अंतराचा सहगुणक "स्थानकाजवळच्या दुकानांची विक्री इतकी जास्त आढळते" एवढ्याच अर्थाने द्यायला काय हरकत आहे? प्रत्येक आकड्याला कारण म्हणूनच वाचले पाहिजे असे नाही. या बाबतीत मात्र मी माझे म्हणणे सोडत नाही.

पवई_गणित

तेवढ्या अर्थाने हरकत नाही. फक्त तक्त्याच्या शीर्षकात "परिणाम" हा शब्द नको.

कालिना_लोकल

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. ते लाल वाक्य काढले आणि मुंडलाकचा तक्ता जुना_सांख्यिक सरांनी सुचवलेल्या शब्दांत दिला. त्या प्राध्यापकांना ६ चे कारण सांगितले, तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले.

तास बदललेल्या ३१ दुकानांना पुन्हा भेटले. १२ जणांनी वाणी काकांसारखीच कारणे सांगितली, म्हणजे नवी इमारत, खोदलेला रस्ता किंवा बंद झालेले फाटक. ११ जणांनी घरची कारणे सांगितली. मुलाची दहावी होती, वडील आजारी पडले, गावाहून आलेला भाचा मदतीला बसू लागला. उरलेल्या ८ जणांना तास कधी बदलले हेच आठवत नव्हते, किंवा त्यांच्या मते ते बदललेलेच नव्हते. घरच्या कारणाने तास बदलले, तिथे तरी विक्रीने तास ठरवले नाहीत, असे म्हणता येईल का? आणि अकरा दुकानांवरून काही सांगता येईल का?

जुना_सांख्यिक

पहिल्या प्रश्नाला बऱ्याच अंशी हो, मात्र भाचा आल्यावर दुकानाचे तासच नव्हे तर हातही वाढतात, त्यामुळे ती दुकाने वेगळी ठेवा. उरलेल्यांवर फिक्स्ड चालवून पाहा. आकडा ०.९० च्या बराच खाली आला, तर वाणी साहेबांचे म्हणणे निदान दिशेने खरे. स्टँडर्ड एरर मोठी येईल, ती घाबरून लपवू नका. आणि ज्या आठ जणांच्या मते त्यांचे तास बदललेच नाहीत, त्यांच्या मूळ नोंदी पवई_गणित यांच्यासाठी इथे टाका. मोजणीची चूक किती, याचा पहिला धागा तिथे सापडेल.

भांडुपचा_वाणी

भाचा असलेली दुकाने वेगळी काढा हे बरोबर. माझाही भाचा आहे. तो आल्यापासून तास वाढले, आणि उधारीही.